पेटी कोणाच्या नावानं बोलते

माझा स्वभाव मुळातच संशयी. डोळे शाबूत होते तेव्हाही दूधवाल्याचं माप मी उजेडात धरून पाहायची. भाजीवाली तागडीला बोट लावते का, यावर माझी नजर असायची. त्यामुळे दृष्टी गेल्यावर मी संशयी झाले असं जे आमच्या जानेफळात म्हणतात, ते साफ खोटं आहे. दृष्टी गेली म्हणून उलट थोडी नरमले, कारण सगळ्यांवर संशय घेत बसलं तर आंधळ्या माणसाला पाणीसुद्धा पिता येणार नाही.

आजार डोळ्याच्या पडद्याचा. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आणि शेवटी समोरचंही धुरकट होत होत गेलं. आता दार उघडं आहे की लावलेलं एवढं कळतं, म्हणजे उजेड कळतो. कोणी समोर उभं राहिलं तर काहीतरी काळं हललं एवढं समजतं. बाकी सगळं हातांवर आणि कानांवर.

दुकान मात्र सुटलं नाही, कारण धंदा बांगड्यांचा. सासूबाईंनी सुरू केलेलं हे दुकान मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांभाळते. बांगडी भरायला डोळे लागतात हा लोकांचा गैरसमज आहे. हात हातात घेतला, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून पाहिला, की दोन-चारचं माप चालेल की दोन-सहाचं लागेल हे मला लगेच कळतं. बाई म्हणते, "मले दोन-चारच येते," आणि मी म्हणते, "यायची, लेकरू व्हायच्या आधी." मग ती हसते आणि हात सैल सोडते. हात सैल सुटला की बांगडी जाते. रंगांचे गठ्ठे मी ठरलेल्या कप्प्यांत ठेवते आणि त्या कप्प्यांना दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपत नाही.

अडचण होती ती पैशांची. जुन्या नोटा लांबीनं ओळखू यायच्या. नव्या नोटांत एकीत आणि दुसरीत फरक आहे म्हणतात, पण तो बोटाला कळायला दोन्ही एकावर एक ठेवून पाहाव्या लागतात, आणि समोर पाच बाया हात पुढे करून उभ्या असल्या की कोण ठेवून पाहतं? एकदा एका बाईनं शंभराची म्हणून दहाची टेकवली. मी वर सुटे परत दिले. हे मला संध्याकाळी जाऊबाईनं सांगितलं, आणि मला आधी राग आला तो त्या बाईचा नाही, जाऊबाईचा. म्हटलं, हिनंच बदलली नसेल कशावरून?

ही माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. माझे मालक वारल्यापासून दुपारी जेवणाचा डबा घेऊन ती दुकानात यायची आणि संध्याकाळपर्यंत गल्ल्यावर बसायची. तिला वाचता येत नाही, पण नोटा रंगावरून ओळखते. मी तिच्या हाताचा आवाज ऐकत बसायची. तिच्या हातात माझ्याच दुकानातल्या बांगड्या, त्यामुळे हात गल्ल्यात गेला, बाहेर आला, कमरेकडे गेला, हे सगळं वाजायचं. कमरेकडे हात गेला की मी विचारायची, "काय गं?" ती म्हणायची, "कुठं काय? पदर खोचला." आता पदर किती वेळा खोचावा माणसानं!

मग दिरांनी ती बोलणारी पेटी आणली. सगळ्या दुकानांतून असते तशीच, सोबत चौकोनी ठिपक्यांचं ते कार्ड एका स्टँडवर. गिऱ्हाईक आपल्या फोननं कार्डाचा फोटो घेतल्यासारखं करतं, पैसे पाठवतं आणि पेटी मोठ्यांदा सांगते, "एकशे वीस रुपये प्राप्त झाले." दीर म्हणाले, "वैनी, आता कोणाच्या डोळ्याची गरज नाही तुम्हाले. हे मशीन खोटं बोलत नाही."

त्या आधी त्यांनी माझं आधार कार्ड नेलं होतं, एक माणूस येऊन माझा फोटो काढून गेला होता. "दुकानाचं खातं झालं," दीर म्हणाले. मी पासबुक मागितलं तर म्हणाले, "याले पासबुक नसते, सगळं फोनात असते, अन् तुम्ही फोन कसा पाहसान?" हे खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. खरं बोलून गप्प बसवणाऱ्या माणसाचा मला नेहमीच जास्त संशय येतो, पण त्या वेळी मी पेटीच्या आनंदात होते.

आनंद का खोटा म्हणू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या दुकानात किती पैसे आले ते मला कोणी न सांगता कळत होतं. बाई दारात असतानाच पेटी बोलायची. दीडशेच्या जागी पंधरा आले तर मी तिथल्या तिथं म्हणायची, "बाई, एक शून्य खाल्लं तुमच्या बोटानं." पेटीतही सिमकार्ड असतं, रेंज गेली की ती मुकी होते, हेही मला लवकरच कळलं. ती मुकी झाली की मी रोख मागायची आणि नोट जाऊबाईच्या हातात द्यायची, मन मारून.

एकदा एक तरुण बायकोसाठी बांगड्या घ्यायला आला. भारीतल्या घेतल्या, फोनवर काहीतरी केलं आणि आवाज आला, "चारशे रुपये प्राप्त झाले." बाईचा आवाज तोच, शब्द तेच. पण माझी पेटी डाव्या हाताला फळीवर असते आणि हा आवाज आला समोरून, छातीएवढ्या उंचीवरून. मी म्हटलं, "दादा, माही पेटी तिकडं हाये. तुमच्या खिशातली कायले बोलून राह्यली?" तो काहीबाही बडबडला. कुठून तरी आवाज भरून आणला होता त्यानं. जाऊबाई तर त्याच्या फोनची काच पाहत होती आणि काचेवर हिरवी बरोबरची खूणही होती म्हणे. ती म्हणाली, "मले तं खरंच वाटलं, बाई." बांगड्या परत ठेवून तो गेला आणि त्या दिवशी मी घरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पण महिना भरला की दीर यायचे, हातात नोटांची चळत ठेवायचे आणि म्हणायचे, "हे पेटीचे." ती चळत दर महिन्याला बारीक होत गेली. मी विचारलं तर म्हणाले, "कमिशन कापते, वैनी. अन् धंदाच कुठं आहे आता? पोरी बांगड्या घालतेत का?" पुढं पुढं त्यांचं एकच पालुपद झालं. दुकान चालत नाही. गाळा भाड्यानं द्यावा. मोबाईल दुरुस्तीवाला तयार आहे. तुम्ही घरी आराम करा, नाहीतर पुण्याला लेकीकडं जा.

इथं माझं डोकं भणभणायचं. दुकान चालत नाही, तर दिवसभर माझ्या हातातून हात जातात ते कोणाचे? लग्नसराईत तर चुडे भरून भरून माझी बोटं सुजतात. पेटी बोलत राहते आणि दीर म्हणतात धंदा नाही. मला ते दुकान सोडायचं नव्हतं. तिथं बसले की मी कोणीतरी असते. घरात मी फक्त एक म्हातारी होते, जिच्या वाटेतलं स्टूल कोणीतरी उचलायला विसरतं. गाळा माझ्या नावावर आहे, माझी सही झाल्याशिवाय जाणार नाही हे मला माहीत होतं. पण दुकान खरंच तोट्यात असेल तर हट्ट तरी कशाच्या जोरावर करायचा? म्हणून मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. पेटी बोलते ते पैसे जातात कुठे?

संशय अर्थात जाऊबाईवर. गल्ला तिच्या हातात, नवरा तिचा, घर तिचं. दिराला तर लहानपणापासून पाहिलेलं, तो असं करायचा नाही, त्याला बायको शिकवत असणार. असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. बायका बायकांवर असा संशय फार लवकर घेतात.

दिवाळीला लेक आली. तिचा जुना फोन तिनं मला दिला आणि त्यातला वाचून दाखवणारा आवाज, ज्याला टॉकबॅक म्हणतात, तो मराठीत चालू केला. माझ्या जुन्याच खात्याला, ज्यात माझं निराधारचं अनुदान येतं, पैसे पाठवायचं अ‍ॅप जोडून दिलं. ती चार दिवसांत गेली. पुढं मला शिकवलं खामगावच्या एका मास्तरांनी, तेही फोनवरच. ते स्वतः जन्मांध. आमच्यासारख्यांना ते हे शिकवतात आणि रागावतात फार.

ते रागावतील असंच ते प्रकरण होतं. टॉकबॅक चालू असला की बोट काचेवर नुसतं ठेवायचं. खाली जे असेल ते फोन बोलतो. "पाठवा, बटण." "मागे जा, बटण." हवं ते सापडलं की कुठंही दोनदा टेकवायचं, मग ते दाबलं जातं. काही ठिकाणी फोन नुसताच म्हणायचा, "बटण," कशाचं ते नाही. "बनवणाऱ्यानं नाव दिलं नाही त्याले," मास्तर म्हणायचे, "असं बटण म्हणजे अनोळखी दार. दाबू नका."

पिन टाकायच्या पानावर तर त्यांनी मला रडवलं. तिथं बोट आकड्यावर गेलं की फोन तो आकडा मोठ्यांदा बोलतो. मी पहिल्यांदा दुकानात बसून पिन टाकायला गेले आणि फोन दोन म्हणाला, सात म्हणाला, आणि मास्तर माझ्या जुन्या साध्या फोनवरून ओरडले, "अहो बाई! अख्ख्या जानेफळाले सांगून राह्यल्या का? कानात वायर घाला!" मी तो पिन त्याच दिवशी बदलला. जाऊबाई शेजारी बसली होती ना! तेव्हापासून आकडे आले की माझ्या दोन्ही कानांत वायरीची बोंडं, आणि काच काळी. काच बंद ठेवूनही फोन चालवता येतो, आम्हाला काय फरक पडतो? जाऊबाई हसायची. "बाई, इतकं काय ऐकून राह्यल्या? भजन का?"

मास्तरांचा दुसरा नियम होता नाव ऐकण्याचा. "पैसे पाठवण्याच्या आधी फोन नाव सांगते. ज्याच्या खात्यात जाणार त्याचं, बँकेत आहे ते. ते पुरं ऐकल्याबिगर पुढं जाचं नाही." मग सराव म्हणून ते म्हणाले, तुमच्याच दुकानाच्या कार्डावर एक रुपया पाठवा. पेटी बोलेल, तुम्हाला कळेल बरोबर झालं की नाही.

दुपारची वेळ होती, उन्हामुळे गिऱ्हाईक नव्हतं, जाऊबाई अजून यायची होती. मी स्टँड जवळ ओढला. आंधळ्यानं ते कार्ड टिपायचं म्हणजे फोन आधी कार्डाला चिकटवायचा आणि मग सरळ रेषेत हळूहळू मागं आणायचा. हात थरथरला की सगळं पुन्हा. बऱ्याच वेळानं फोन हातात थरारला, म्हणजे कार्ड सापडलं. मी बोट वरून फिरवलं. फोननं नाव वाचलं.

नाव माझं नव्हतं.

मला वाटलं इंग्रजीत लिहिलेलं असेल म्हणून तो मोडून तोडून वाचतोय. परत बोट ठेवलं. परत तेच. जाऊबाईचं नाव, मध्ये दिराचं, शेवटी आमचं आडनाव. तिच्या आधार कार्डावर असेल तसं पुरंच्या पुरं. मी एक हा आकडा टाकला, कानात बोंडं घालून पिन टाकला आणि दोनदा टेकवलं. डाव्या हाताच्या फळीवरून पेटी आनंदानं ओरडली, "एक रुपया प्राप्त झाला."

त्या पेटीची मला तेव्हा इतकी चीड आली की उचलून रस्त्यावर फेकावी. सगळ्यांवर संशय घेतला, फक्त तिच्यावर नाही. आणि ती खोटं बोललीच नव्हती. प्राप्त झाला म्हणाली, कोणाला ते मी कधी विचारलंच नाही. ती सांगतही नाही. किती आले एवढंच तिला सांगता येतं.

मास्तरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कमिशन म्हणतेत ते? पेटीचं महिन्याचं भाडं असते, पण गिऱ्हाइकाच्या बँकेतून सरळ आलेल्या पैशातून असा वाटा कोणी कापत नाही. तुम्ही आता हे नाव कोणासमोर तरी वाचून दाखवा. अन् चिडू नका." शेवटचं त्यांनी मला सांगावं म्हणजे गंमतच.

जाऊबाई डबा घेऊन आली. मी म्हटलं, बस. तिच्यासमोर फोन कार्डाला लावला, मागं आणला, आणि आवाज मोठा करून तिच्या तोंडासमोर धरला. फोननं तिचं नाव घेतलं.

"हा तं माहंच नाव घेऊन राह्यला," ती म्हणाली. "माहं नाव काऊन घेऊन राह्यला, बाई?"

"तूच सांग."

"मले काय माहीत?"

"या दुकानाचा पैसा तुह्या खात्यात जाऊन राह्यला. पेटी आली तेव्हापासून. तुले माहीत नाही?"

मी तिच्या हातांकडे कान लावून बसले होते. खोटं बोलताना माणसाचे हात शांत राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे. बांगड्या वाजल्या नाहीत. मग ती म्हणाली, "माहं खातं बचत गटाचं होतं. गट मोडला. ते चालू हाये का अजून?"

मी म्हटलं, नाटकं करू नकोस. तिनं मग आठवत आठवत सांगितलं. पेटी आणली त्या दिवसांत त्या माणसानं तिलाही दुकानाच्या दारात उभं केलं होतं, फोटो काढला होता. दीर म्हणाले होते, योजनेचा आहे. तिचं सिमकार्ड तर त्याच्या आधीपासून दिरांच्या फोनमध्ये, कारण तिच्याकडचा फोन बिघडला होता आणि दुरुस्त करून आणतो म्हणून त्यांनी नेला तो अजून येतोय. बँकेचे मेसेज त्या सिमवर. त्या फोनात अ‍ॅप. पिन त्यांचा.

तरी मला पटेना. मला पटायला वेळ लागतो. मी तिला म्हटलं, एवढा पैसा तुझ्या नावानं येत होता आणि तुला वास नाही लागला?

तिचा आवाज तेव्हा फाटला. "बाई, भिंतीपलीकडं तुम्हीच तं राहता. मी तेल संपलं म्हणून किती वेळ मागं लागतो त्यायच्या, ते तुम्हाले ऐकू नाही येत का? माह्या नावानं पैसा असता अन् मले ठाऊक असता, तं म्या असं मांगतलं असतं?"

ऐकू येत होतं. रोज सकाळी ऐकू येत होतं. शंभर मागितले की पन्नास मिळायचे आणि वरून बोलणी. मी ते ऐकून आपला रेडिओ मोठा करायची, दुसऱ्याच्या संसारात कशाला कान घाला म्हणून. मला तिची इतकी दया आली आणि दिराचा इतका संताप आला की दोन्ही एकदम गिळता येईनात. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी दीर आले तेव्हा आम्ही दोघी दुकानातच बसलो होतो. मी फोन कार्डाला लावला आणि नाव वाचून दाखवलं. ते आधी हसले. "अरे वा, वैनी, शिकल्या की तुम्ही!" मग म्हणाले, घर एकच आहे, तुमचं काय आणि आमचं काय. मग म्हणाले, तुमचा फोटो त्या मशीनमध्ये नीट येत नव्हता, डोळे सरळ पाहत नव्हते, म्हणून हिच्या नावानं केलं.

"हे मले तेव्हाच सांगता आलं असतं, भाऊजी."

"तुम्ही संशय घेतला असता."

"मंग आता मी काय करून राह्यली?"

"तुमच्यासाठीच सांभाळून ठेवले ते पैसे."

"मंग दुकान चालत नाही कायले म्हणता?"

त्यांचा आवाज चढला. आंधळ्या बाईला सांभाळायचं, वर तिनंच चोर म्हणायचं, असं बरंच. त्या भरात त्यांच्याच तोंडून निघून गेलं की मोबाईलवाल्याचा बयाणा घेऊन झालाय, आता त्याला काय तोंड दाखवू. सांभाळून ठेवलेले म्हणत होते ते पैसेही नव्हते. मधे मालवाहू गाडी घेतली होती ना त्यांनी, तिच्यातच ते गेले होते; ती कशी घेतली हे आम्ही दोघींनी कधी विचारलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, ही गोष्ट मला अजून बोचते. दुधाचं माप पाहणारी बाई मी.

जाऊबाई उठली, फळीवरची पेटी उचलून दिरांच्या हातात दिली आणि म्हणाली, "हे घ्या. अन् माहं सिम द्या." ते म्हणाले, कशाला हवं तुला? ती म्हणाली, "माहं हाये म्हणून." त्यांनी त्या दिवशी दिलं नाही. ती माहेरी निघून गेली, भावाला घेऊन आली, तेव्हा दिलं.

गाळा मी दिला नाही. बयाणा त्यांनी कसा फेडला ते त्यांना माहीत. माझे गेलेले पैसे थोडे थोडे आणून देतात. अजून बाकी आहेत, आणि मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. माझ्या नावाची पेटी घ्यायला मात्र खटपट पडली. मेहकरहून आलेला माणूस फोन माझ्यासमोर धरून म्हणायचा, गोलात चेहरा ठेवा. कुठला गोल? काचेवर एकामागून एक सूचना येत आणि मी त्या ऐकेपर्यंत वेळ संपे. शेवटी जाऊबाईनं माझी हनुवटी धरली, मान जराशी डावीकडं केली आणि तो माणूस वाचेल तसं ती सांगत गेली, "आता डोळे मिचकावा. बस. आता हलू नका." कार्ड आलं त्या दिवशी मी माझ्या फोननं त्यावर एक रुपया पाठवला. आधी नाव ऐकलं. दोनदा ऐकलं. मग पिन टाकला.

मग जाऊबाई म्हणाली, मलाही शिकवा. तिला दिसतं, वाचता येत नाही एवढंच. पण लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज तिलाही चालतो की! तिच्या भावानं साधा फोन घेऊन दिला, बँकेत जाऊन ते खातं तिच्याच सिमला जोडून घेतलं. टॉकबॅकला ती फार कंटाळायची. दिसतंय ते सरळ दाबायचं तर हा आधी बोलतो आणि दोनदा टेकवल्याशिवाय हलत नाही. "तुमचं मशीन लईच विचार करते, बाई," ती म्हणायची. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्यापेक्षा बरं.

जुना पिन मोडून नवा ठेवायचा दिवस आला. दुकानातच बसलो होतो. आधारचा आकडा टाकून झाला, बँकेचा मेसेज आला, फोननं तो वाचला, आणि पिनचं पान उघडलं. तिनं फोन माझ्या हातात दिला.

"तुम्हीच टाका. तुम्हाले जे वाटते ते आकडे टाका."

"मी नाही टाकणार. अन् मले सांगूही नको."

"काऊन? माहा तुमच्यावर इश्वास हाये."

"म्हणूनच नको."

मी माझी बोंडं तिच्या कानांत घातली, तिची पाठ भिंतीला लावून बसवली आणि उठून दारापाशी गेले. रस्त्यावर तोंड करून उभी राहिले. मागं तिच्या बांगड्या वाजत होत्या. थांबायच्या, पुन्हा वाजायच्या. एकदा ती "अरे देवा" म्हणाली, म्हणजे चुकलं असणार. माझ्या जिभेवर आलं की कुठं चुकलं ते सांग, पण मी तोंड दाबून धरलं. पुष्कळ वेळ गेला. शाळा सुटलेली पोरं आरडत गेली, एक बाई येऊन हात पुढं करून उभी राहिली, तिला मी म्हटलं, थांब जरा.

मग बांगड्या थांबल्या त्या थांबल्याच. तिनं कानातली बोंडं काढल्याचं मला कळलं. नव्या पिननं शिल्लक विचारून तिच्या खात्यात काय उरलं ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

"किती हाये?" मी विचारलं.

"हाये थोडेसे," ती म्हणाली, आणि आकडा सांगितला नाही.